ओव्हनमध्ये अख्खी रताळी: पाक कधी सुटतो आणि कधी नाही

एकाच पिशवीतली चार रताळी एकाच ट्रेमध्ये ठेवली, तरी बाहेर काढताना दोघांच्या टोकांशी काळपट, चिकट पाक जमलेला असतो आणि उरलेली दोन मोडली की आतून कोरडी, पिठूळ निघतात. ओव्हन एकच, तापमान एक, वेळही तोच. हा नशिबाचा भाग नाही. पाक कुठून येतो हे एकदा कळलं की निम्मं काम बाजारात आणि निम्मं काम ओव्हनच्या बटणावर करता येतं.

कच्च्या रताळ्यात थोडी साखर असतेच, पण भाजलेल्या रताळ्याची बरीचशी गोडी भाजतानाच तयार होते. रताळ्यात स्टार्च भरपूर असतो आणि त्याच गरात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइमही असतं. हे एन्झाइम स्टार्चच्या लांब साखळ्या टोकाकडून तोडत जातं आणि त्यातून माल्टोज नावाची साखर बनते. कच्चा स्टार्च मात्र घट्ट कणांत बांधलेला असतो, त्याला ते फारसं काही करू शकत नाही. गर साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला पोचला की हे कण पाणी पिऊन फुगतात, उकलतात, आणि मग एन्झाइमचं काम जोरात सुरू होतं. पुढे ७५ ते ८० अंशांच्या आसपास एन्झाइम स्वतःच निकामी होतं. म्हणजे गोडी बनायला तापमानाचा एवढाच अरुंद पट्टा मिळतो. गर त्या पट्ट्यातून जितका सावकाश जाईल, तितका माल्टोज जास्त.

मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात मिनिटांत शिजवलेलं रताळं मऊ होतं पण फिकं लागतं, त्याचं कारण हेच. तो पट्टा काही क्षणांत ओलांडला जातो. चुलीच्या राखेत पुरलेलं रताळं गोड लागतं, कारण राख निखाऱ्याची धग हळूहळू आत पोचू देते. ओव्हनमध्ये आपल्याला राखेचं हेच काम करायचं आहे.

आता पाक. फुगलेल्या स्टार्चने गरातलं पाणी धरून ठेवलेलं असतं. त्यातला बराच स्टार्च माल्टोजमध्ये बदलला की पाणी धरणारं फारसं काही उरत नाही. पेशींच्या भिंतीही उष्णतेने सैल झालेल्या असतात. मोकळं झालेलं पाणी साखर घेऊन वाहू लागतं, आतली वाफ त्याला ढकलते आणि साल जिथे फाटली असेल तिथून ते बाहेर येतं. ट्रेवर पडून आटलं की काकवीसारखं दाट होतं. ज्या रताळ्यात स्टार्च खूप आणि पाणी कमी, तिथे बराच स्टार्च तसाच शिल्लक राहतो, सगळं पाणी पिऊन बसतो आणि गर पिठूळ होतो. असं रताळं कच्चं राहिलंय असं वाटतं, पण ते पूर्ण शिजलेलं असू शकतं.

बाजारात

पहिला फरक जातीचा. आपल्याकडे आषाढी आणि महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात ढीग लागतात ते बहुधा लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्यांचे. ही साधारण कोरड्या बाजूची. भाजून खमंग होतात, गोडही होतात, पण ट्रेवर पाकाचं तळं करतीलच असं नाही. नारिंगी गराची रताळी बहुतेक ओलसर असतात आणि लवकर पाक सोडतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना दुकानात सहज मिळणाऱ्या बोरेगार्ड किंवा कोव्हिंग्टन या जाती याच गटातल्या. तिथे त्यांच्यावर कधीकधी ‘याम’ अशी पाटी असते, पण ती रताळीच. जपानमध्ये भाजक्या रताळ्याचं, म्हणजे याकीइमोचं, मोठं वेड आहे. तिथली बेनीहारुका ही जात या पाकाळलेल्या गरासाठीच प्रसिद्ध आहे. उलट नारुतो किंतोकीसारखी जात पिठूळ गरासाठी आवडीने खाल्ली जाते. म्हणजे पिठूळ रताळं हा दोष नाही, तो वेगळा प्रकार आहे. तुम्हाला पाक हवा असेल तर मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

दुसरा फरक वयाचा, आणि एकाच पिशवीतल्या फरकाचं कारण पुष्कळदा हेच असतं: वेगवेगळ्या शेतांतला, वेगवेगळ्या आठवड्यांत काढलेला माल एकत्र आलेला असतो. नुकतंच काढलेलं रताळं स्टार्चने भरलेलं असतं. काढणीनंतर ती काही दिवस साधारण ३० अंशांच्या दमट हवेत ठेवली, की सालीवरच्या जखमा भरतात. पुढच्या साठवणीत थोडा थोडा स्टार्च साखरेत बदलत राहतो. व्यापारी साठवणीत यानंतर १३ ते १५ अंश तापमान राखतात. घरी एवढं करता येत नाही, पण रताळी आणून दोन-तीन आठवडे हवेशीर टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तरी फरक जाणवतो. कोंब दिसू लागले तर ते मोडून लगेच वापरा.

फ्रिजमध्ये मात्र कच्ची रताळी ठेवू नका. थंडीने गर बिघडतो, आणि कितीही भाजलं तरी मध्ये एक टणक गाभा तसाच राहतो. सुरी बाहेरच्या थरातून सहज जाते आणि मध्येच अडते, तेव्हा ते रताळं बहुधा गारठलेलं असतं. आणखी अर्धा तास भाजून काही उपयोग होत नाही.

निवडताना सालीवर बारीक भोकं आहेत का ते बघा. ती सोंड्या भुंग्याची असतात. किडलेल्या भागात रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं, आणि तो कडवटपणा भाजून जात नाही. असं रताळं घेऊच नका. घरात निघालं तर टाकून द्या.

भाजणी

चार रताळी घ्या, प्रत्येकी २०० ते २५० ग्रॅमची, मध्ये साधारण पाच सेंटिमीटर जाड. जाडी सारखी असणं वजनापेक्षा महत्त्वाचं. बोटभर जाडीचं रताळं झटकन तापतं, गोडी बनायला त्याला वेळच मिळत नाही, आणि जाड रताळं होईपर्यंत ते सुकून चामट होतं. बारकी रताळी किसासाठी ठेवा.

माती निघेपर्यंत चोळून धुवा, पण साल खरवडू नका. पुसून कोरडी करा. दोन्ही टोकं अर्धा सेंटिमीटर कापा. टोकाशी दोरे जास्त असतात, शिवाय वाफेला आणि पाकाला वाट मिळते, त्यामुळे फुटायची भीती राहत नाही. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो पुसून टाका. तेल लावायची गरज नाही. तेल लावलेली साल मऊ राहते आणि खाता येते. कोरडी भाजलेली साल कागदासारखी सुटते, आणि आपल्याला गरच हवा असतो, म्हणून माझं मत कोरड्याच्या बाजूने. फॉइलमध्ये गुंडाळूही नका; त्यात रताळं वाफवल्यासारखं होतं आणि भाजल्याचा वास येत नाही.

ओटीजीमध्ये वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा. जाळी मधल्या खाचेत, तिच्यावर रताळी, एकमेकांना न टेकता. खालच्या खाचेत फॉइल किंवा बेकिंग पेपर लावलेला ट्रे हवाच, नाहीतर पाक रॉडवर टपकून जळतो आणि स्वयंपाकघर धुराने भरतं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही हीच रीत चालते, फक्त कन्व्हेक्शन मोडवर. त्यात ट्रे खाली ठेवायला जागा नसेल तर रताळी थेट पेपर लावलेल्या ट्रेवर ठेवा आणि मध्ये एकदा उलटा.

ओव्हन आधी तापवायचा नाही. थंड ओव्हनमध्येच रताळी ठेवा, १२० अंशांवर लावा आणि ४५ मिनिटं तसंच राहू द्या. या वेळात बाहेरून काहीही घडत नाहीसं दिसेल, पण गर त्या अरुंद पट्ट्यातून सावकाश जात असतो. मग दार न उघडता तापमान २०० वर न्या आणि ४० ते ४५ मिनिटं भाजा. आता साल सुरकुतते, गरापासून सुटते, टोकांवर बुडबुडे दिसतात, आणि ट्रेवर थेंब पडले असतील तर साखर करपू लागल्याचा खमंग वास येतो. पस्तिसाव्या मिनिटाला सर्वांत जाड रताळ्यात पातळ सुरी घाला. लोण्यात गेल्यासारखी थेट मध्यापर्यंत गेली पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या पुढे आकडा हवा. त्याच्या आत गर शिजलेला असला तरी तोंडात विरघळत नाही.

मग ओव्हन बंद करा आणि रताळी १५ मिनिटं आतच ठेवा. लगेच फोडलं तर वाफेबरोबर ओलावा जातो. थोडं निवलं की पाक गरात मुरतो.

घाई असेल तर तापलेल्या ओव्हनमध्ये सरळ २०० अंशांवर ५० ते ६० मिनिटांत याच आकाराची रताळी होतात. जुनी, ओलसर जातीची रताळी याही रीतीने पाक सोडतात. ताज्या, कोरड्या रताळ्यांना मात्र सावकाश तापण्याचा फायदा चवीत कळतो. २२० च्या वर जाऊ नका, साल करपते आणि आतला भाग मागे राहतो.

घरगुती ओटीजीचा काटा बऱ्याचदा दहा-वीस अंशांनी चुकतो. पहिल्या टप्प्यातच साल काळी पडू लागली, तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. पुढच्या वेळी १०० वर लावा. दोन्ही टप्पे होऊनही साल ताणलेली आणि फिकी राहिली, तर तो थंड आहे.

पांढऱ्या गरात कधी करडे-हिरवट डाग दिसतात. कापताना किंवा भाजताना गरातल्या फिनॉल वर्गातल्या द्रव्यांमुळे रंग बदलतो. वास आणि चव चांगली असेल तर ते खायला हरकत नाही.

पाकाळलेल्या रताळ्यावर काही घालू नये असं मला वाटतं, फार तर चिमूटभर मीठ. माल्टोज नेहमीच्या साखरेइतका गोड नसतो, म्हणून हा गर भरपूर गोड असूनही नकोसा होत नाही, आणि मिठाने त्याची चव वर येते. पिठूळ निघालेल्यांचा गर गरम असतानाच कुस्करा, त्यात चमचाभर साजूक तूप आणि दोन-तीन चमचे गरम दूध घाला. उरलेली भाजकी रताळी सालीसकट डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात; एकदा शिजल्यावर थंडीने गाभा टणक व्हायची भीती नाही. परत गरम करताना १८० वर दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि ट्रेवर वाळलेला पाक पेपरवरून सोलून काढला तर मुलं तो आधी संपवतात.