एआयचा स्कोर उतरवायला 'ह्युमनायझर'? प्रबंध जमा करण्याआधी या चुका टाळा

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: "एआय स्कोर जास्त आलाय? ह्युमनायझरमधून काढ, खाली येतो." ह्युमनायझर म्हणजे यंत्राचे लेखन माणसाचे वाटावे म्हणून त्यातले शब्द फिरवणारे साधन. स्कोर बऱ्याचदा खाली येतोही. पण एआयकडून प्रबंध लिहून घेण्याचा गैरप्रकार तसाच राहतो आणि त्यात लपवाछपवीची भर पडते.

चूक पहिली: दोन वेगळे आकडे एकच समजणे

यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत टक्क्यांचे टप्पे आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा जमा करायचे. 40 ते 60 टक्क्यांना सुधारित प्रबंध जमा करायला वर्षभर बंदी आणि 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हे सगळे आकडे साम्याचे, म्हणजे तुमचा मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो याचे आहेत. एआय स्कोर वेगळा असतो. तो शब्दांच्या ठेवणीवरून बांधलेला अंदाज असतो आणि जुळवून दाखवायला समोर मूळ मजकूर नसतो. त्यामुळे "10 टक्क्यांपर्यंत एआय चालतं" हे वाक्य या नियमावलीत सापडणार नाही. एआयबद्दल तुमच्या विद्यापीठाचे स्वतंत्र परिपत्रक असेल तर तेच वाचायचे.

आता नियमावलीत जे आहे ते पाहू. प्रबंधासोबत विद्यार्थ्याला हमीपत्र द्यावे लागते: हे लेखन मी तयार केले आहे आणि ते माझे मूळ काम आहे. मार्गदर्शकालाही आपले प्रमाणपत्र जोडावे लागते. तुम्ही सही करता ती या विधानाखाली, टक्केवारीखाली नव्हे. यंत्राने लिहिलेले प्रकरण दुसऱ्या यंत्रातून काढले म्हणून 'मी तयार केले' हे विधान खरे होत नाही. शिवाय आधी निदान "मला नियम माहीत नव्हता" असे म्हणायला जागा होती. ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम साधन वापरले की तीही जाते, कारण त्यातून हेतू दिसतो. चौकशी समिती हेतूकडेही बघू शकते.

चूक दुसरी: 'फक्त शब्द बदलतात, अर्थ तोच राहतो' असे मानणे

समजा, वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा विषय आहे कांद्यावर ठिबक सिंचनाचा परिणाम. संदर्भसाहित्याचा आढावा तिने एआयकडून इंग्रजीत लिहून घेतला आणि स्कोर पाहून तो पुनर्लेखनाच्या साधनात टाकला. मूळ वाक्याचा आशय असा होता: तिसऱ्या आणि चौथ्या ट्रीटमेंटचे उत्पादन 'अ‍ॅट पार' होते. प्रयोगशेतीच्या भाषेत याचा अर्थ पक्का आहे. दोघांतला फरक 'क्रिटिकल डिफरन्स'पेक्षा कमी, म्हणून संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारखे. साधनाने त्याचे 'स्लाइटली बिहाइंड' केले. म्हणजे चौथी ट्रीटमेंट थोडी मागे पडली, हा निष्कर्ष मूळ लेखकाने काढलाच नव्हता. 'क्रिटिकल डिफरन्स'चे 'सीरियस गॅप' झाले, 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'चे 'आर्बिट्ररी स्क्वेअर प्लॅन' आणि जमिनीची 'फील्ड कपॅसिटी' झाली 'ग्राउंड अ‍ॅबिलिटी'. कंसातले लेखकाचे नाव आणि वर्ष मात्र जसेच्या तसे राहिले. आता त्या लेखकाच्या तोंडी त्याने न म्हटलेले वाक्य आहे. हा वाङ्मयचौर्याहून वेगळा दोष आहे आणि माझ्या मते जास्त वाईट, कारण पुढचा संशोधक तेच वाक्य खरे मानून उचलतो.

अशा मोडक्या संज्ञांना संशोधनविश्वात 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हणतात. 2021 मध्ये गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतून अशा संज्ञांचा ढीगच बाहेर काढला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'च्या जागी 'कोलोसल इन्फर्मेशन'! असे काही निबंध नंतर मागेही घेतले गेले. आताची साधने इतकी ढोबळ चूक कमी करतात, हे खरे. पण 'अ‍ॅट पार'सारखी साधी दिसणारी संज्ञा अजूनही घसरू शकते, आणि ती घसरण विषयातल्या परीक्षकाच्या लगेच डोळ्यात भरते. मौखिक परीक्षेत तो त्याच ओळीवर बोट ठेवतो.

चूक तिसरी: स्वतः लिहिलेलेही भीतीने साधनात टाकणे

हे सर्वात वाईट वाटते. एआय ओळखणारी साधने चुकतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांचे साधे, ठरावीक शब्दांचे इंग्रजी या साधनांना यंत्राचे वाटू शकते, हे 2023 च्या स्टॅनफर्डमधल्या अभ्यासात दिसले होते. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी बंद केले. म्हणून प्रामाणिक विद्यार्थ्याचाही स्कोर वर जाऊ शकतो. पण तो घाबरून ह्युमनायझर वापरतो तेव्हा जे नव्हते ते खरेच घडवून बसतो.

अशा वेळी पुरावा जमवायचा. गुगल डॉक्स किंवा वर्डमधली आवृत्त्यांची नोंद, तारखा असलेले जुने मसुदे, मार्गदर्शकांनी लाल पेनाने खुणा केलेली पाने, वाचनाच्या वह्या, प्रयोगाची नोंदवही. हे घेऊन मार्गदर्शकांकडे जायचे आणि वादातल्या दोन परिच्छेदांवर तोंडी प्रश्न विचारा, अशी विनंती करायची. ज्याने लिहिले आहे त्याला त्या वाक्यामागचा शोधनिबंध आठवतो.

मग करायचे काय?

अडचण बहुतेकदा इंग्रजीची असते, विषयाची नव्हे. म्हणून आढावा आधी मराठीत लिहा. एक शोधनिबंध वाचा, बंद करा आणि वहीत चार ओळी काढा: प्रयोग कुठे, कोणत्या ट्रीटमेंट, काय निघाले, आपल्या कामाशी संबंध काय. असे आठ-दहा निबंध झाले की कोण कोणाशी सहमत आहे ते दिसू लागते आणि परिच्छेदाची रचना तिथूनच सुचते. मग इंग्रजी करा, मोडकेतोडके का असेना. संज्ञा मुळाप्रमाणेच ठेवा. 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'ला पर्यायी शब्द शोधायची गरजच नाही, कारण सामान्य संज्ञा, प्रमाण चिन्हे आणि समीकरणे साम्याच्या मोजणीतून वगळायची तरतूद नियमावलीतच आहे. संदर्भासह अवतरणात दिलेला मजकूरही वगळला जातो.

भाषा तपासायला माणूस किंवा साधन वापरायचे असेल तर आधी मार्गदर्शकांना लेखी विचारा. परवानगी मिळाली तर प्रबंधात एवढे नोंदवा: "तिसऱ्या प्रकरणातील इंग्रजी व्याकरण तपासण्यासाठी अमुक साधन अमुक महिन्यात वापरले. आशय, संदर्भनिवड आणि निष्कर्ष माझे आहेत आणि प्रत्येक दुरुस्ती मी मूळ निबंधाशी ताडून पाहिली आहे." हे शेवटचे वाक्य खरोखर केले असेल तरच लिहायचे.

आणि प्रकरण आधीच ह्युमनायझरमधून काढले असेल, पण प्रबंध जमा झाला नसेल तर? ती फाइल डागडुजीच्या लायकीची नसते, बाजूला ठेवा. त्यातली संदर्भयादी मात्र तपासायला घ्या. एआयने दिलेले काही निबंध अस्तित्वातच नसतात. प्रत्येक नोंदीचा मूळ निबंध उघडून पाहा, जे सापडत नाहीत ते काढा, उरलेल्यांवरून वहीपासून सुरुवात करा आणि मार्गदर्शकांकडे मुदतवाढ मागा. मुदतवाढीचा अर्ज कारणासह केला की तो विचारात घेतला जाऊ शकतो. जमा झालेल्या प्रबंधात हे उघड झाले तर प्रश्न तुमच्या हातात राहत नाही, तो समितीकडे जातो.