उशिरा येणाऱ्या सिस्टरला ताकीदपत्र कसे द्यावे

पत्र लिहायला बसण्याआधी बायोमेट्रिकची नोंद, वॉर्डचा हजेरीपट आणि ड्युटी लिस्ट शेजारी शेजारी ठेवा. समजा, धरणगावहून रेल्वेने जळगावला येणारी एक स्टाफ नर्स आहे, सकाळपाळी आठची. वॉर्डच्या परिसेविका म्हणतात, "ही रोजच उशिरा येते." जूनच्या नोंदी पाहिल्या तर उशीर निघतात सहा. त्यातल्या एका दिवशी तिने आदल्या रात्री फोन करून परवानगी घेतली होती. आणखी एका दिवशी मशीन बंद होते आणि हजेरीपटावर वेळच लिहिलेली नाही. हे दोन्ही दिवस सोडून द्या. सिद्ध न होणारी एक तारीख घातली की बाकीच्यांवरही शंका येते. त्याच गाडीने येणाऱ्या इतरांच्या वेळाही बघा. त्या उशिरा येऊनही त्यांना काहीच विचारले नसेल, तर हिच्या एकटीच्या पत्राला पक्षपाताचाच वास येणार.

उरलेल्या चार तारखा आणि वेळा लिहून तिच्याकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागवा. खुलासा आला की तो खरोखर वाचा. १८ जूनला गाडी उशिरा धावल्याचे तिने लिहिले आणि चौकशीत ते खरे निघाले, तर तोही दिवस वगळा. मग पत्राचा मजकूर असा होईल:

"आपण दि. ४, ११ व २५ जून रोजी सकाळपाळीस अनुक्रमे ८.२५, ८.३० व ८.४० वाजता हजर झालात. दि. २५ रोजी रात्रपाळीच्या सिस्टरना ओव्हर देण्यासाठी चाळीस मिनिटे थांबावे लागले. आपल्या खुलाशातील दि. १८ चे कारण ग्राह्य धरले आहे. उर्वरित तीन दिवसांचे कारण आपण दिलेले नाही. यापुढे ८ वाजता वॉर्डात हजर राहावे. उशीर होणार असल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी परिसेविकांना कळवावे. दि. ३१ जुलै रोजी आपल्या हजेरीचा आढावा घेतला जाईल. सुधारणा न दिसल्यास प्रकरण वरिष्ठांकडे सादर केले जाईल."

'बेजबाबदार', 'कामचुकार' असली विशेषणे नकोत. सरकारी रुग्णालयात असाल तर 'ठपका' हा शब्दही टाळा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे ठपका ही शिक्षा आहे, ती सक्षम अधिकारीच ठरलेली कार्यपद्धती पाळून देतात. अधिसेविकेने 'ताकीद' किंवा 'समज' एवढ्यावरच थांबावे. खासगी रुग्णालयात त्यांचे सेवानियम बघा.

पत्राला जावक क्रमांक घाला आणि ते केबिनमध्ये बोलावून हातात द्या, ओव्हरच्या वेळी चारचौघांत नको. त्याच बैठकीत अडचण विचारा. दुपारपाळीची अदलाबदल जमत असेल तर तीही कागदावर आणा. दुय्यम प्रतीवर पोहोच म्हणून तारखेसह सही घ्या. 'सही केली म्हणजे आरोप कबूल' असे वाटून पुष्कळ जणी नकार देतात, म्हणून 'फक्त पत्र मिळाले' एवढेच लिहायला सांगा. तरीही सही नाकारली, तर हजर असलेल्या दोघांच्या सह्यांनी तसा शेरा मारून प्रत फाइलला लावा, तिचा खुलासाही सोबत जोडा.