शीख घरातला अंत्यसंस्कार आणि त्यानंतरचा सहज पाठ : दहा दिवसांचं नियोजन

नांदेड, पुणे, मुंबई इथल्या शीख घरांमध्ये माणूस गेलं की पहिल्याच तासाला कुणीतरी सांगतं, "पाठ्यांना बोलवा, ते सगळं बघतील." हा सल्ला मला मुळीच पटत नाही. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पाठ घरच्यांनी वाचावा असं म्हटलं आहे, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या घरातही ते जमतं. फक्त पहिल्या संध्याकाळी बसून हिशोब करावा लागतो.

स्मशानापर्यंतचा भाग साधा आहे. देहाला स्नान घालायचं, स्वच्छ कपडे घालायचे, कंगवा, कडं, किरपाण वगैरे ककार अंगावरून काढायचे नाहीत. देह जमिनीवर उतरवून ठेवणं, हातावर दिवा ठेवणं, गोदान, पिंड हे काही करायचं नसतं. अरदास करून निघायचं. वेळेचं बंधन नाही, दिवसा किंवा रात्री केव्हाही दहन चालतं. अग्नी मुलगा, मुलगी, नातेवाईक किंवा मित्र, कुणीही द्यावा.

चिता नीट पेटली की कीर्तन सोहिला म्हणायचा आणि शेवटी अरदास करायची. ही रोज रात्री झोपण्यापूर्वीची प्रार्थना आहे, तिच्यात पाच शबद आहेत आणि पाच-सात मिनिटांत ती होते. विद्युतदाहिनी असेल तर देह आत गेल्यावर तिथेच बाजूला बसून म्हणा. पुढची वेळ दुसऱ्यांची असते म्हणून कर्मचारी घाई करतात. त्यांना आधीच सांगून ठेवलं की तेवढा वेळ मिळतो. सोहिला गाडीत किंवा घरी परतल्यावर उरकू नका. कपालक्रिया करायची नाही. राख दुसऱ्या दिवशी सगळी एकत्र गोळा करून वाहत्या पाण्यात सोडा. बरेच जण कीरतपूरला जातात, पण अस्थी वेचून ठरावीक तीर्थी नेण्याची गरज मर्यादेने मानलेली नाही.

आता अवघड भाग. स्मशानातून परतल्यावर घरी किंवा जवळच्या गुरुद्वाऱ्यात गुरू ग्रंथ साहिबचा पाठ सुरू होतो आणि साधारण दहाव्या दिवशी त्याचा भोग, म्हणजे समाप्ती होते. अखंड पाठ वेगळा. तो न थांबता सुमारे 48 तासांत संपतो, त्याला सराईत पाठी लागतात आणि घरचे दमून झोपी जातात. पाठी एकटाच वाचतोय आणि ऐकायला घरचं कुणीच नाही, हे मर्यादेलाही मान्य नाही. म्हणून सहज पाठ घ्या. तो रोज थांबत थांबत, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचा असतो, आणि त्यात बायकाही तितक्याच हक्काने बसतात.

गुरू ग्रंथ साहिबचे 1430 अंग, म्हणजे पानं. लोक 1430 ला दहाने भागतात आणि "रोज 143" असं ठरवून मोकळे होतात. इथेच गाडं फसतं.

समजा दहन शुक्रवारी दुपारी झालं. शुक्रवार पहिला दिवस धरला तर दहावा दिवस पुढच्या आठवड्यातला रविवार, आणि लोकांनाही रविवार सोयीचा. शुक्रवारी संध्याकाळी आनंद साहिबच्या सहा पौड्या, अरदास, हुकम, कडाह प्रसाद हे होऊन वाचन सुरू होईपर्यंत अंधार पडतो. त्या दिवशी 25 अंग झाले तरी पुष्कळ. भोगाच्या दिवशी संगतीसमोर वाचायला नववे गुरू तेगबहादूर यांचे सलोक राखून ठेवतात, ते 1426 व्या अंगावर सुरू होतात. म्हणजे शनिवार ते शनिवार या आठ दिवसांत 1400 अंग वाचायचे. रोजचे 175 झाले, 143 नव्हेत.

अखंड पाठाचा पाठी एक अंग दोन मिनिटांत वाचतो. घरच्या माणसाला चार मिनिटं लागतात. 175 अंगांना 700 मिनिटं, म्हणजे पावणेबारा तास. चार जण असतील तर प्रत्येकी रोज जवळजवळ तीन तास, आणि हे जमतं. दोघंच असतील तर सहा-सहा तास, हे जमत नाही. तिसऱ्या दिवशी घसा बसतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाला पाच अंग वाचायला लावा आणि घड्याळ बघा. वेळ फार जात असेल तर तेव्हाच एखादा पाठी मदतीला घ्या किंवा भोग पुढे न्या. दहावा दिवस जमत नसेल तर सोयीचा दुसरा दिवस ठरवायला मर्यादेतच मोकळीक आहे, तरी लोक उगाच घाबरतात.

मंगळवारी रात्री तुम्ही 725 व्या अंगापाशी असायला हवं. 650 वर असाल तर उरलेले चार दिवस रोज तेरा तास बसावं लागेल, तेव्हा आणखी वाचक बोलवा. 600 च्याही मागे असाल तर भोगाची तारीख बदला आणि सगळ्यांना कळवा. वेग वाढवून अक्षरं गिळू नका. स्पष्ट आणि शुद्ध वाचणं ही पाठाची पहिली अट आहे.

शेवटच्या शनिवारी 1251 ते 1425 येतात. त्यात 1353 पासूनचे सहस्कृती सलोक आणि पुढे 1409 पर्यंतचे सवैये जीभ अडखळवणारे आहेत. घरातला सर्वांत चांगला वाचक त्या दुपारसाठी राखून ठेवा. सोमवारचा वाटा मात्र मराठी घरात आनंदाने वाचला जातो, कारण 485 व्या अंगावर संत नामदेवांचे शबद भेटतात. ग्रंथात त्यांचे एकूण 61 शबद आहेत.

गुरुमुखी येत नसलेल्यांसाठी देवनागरी सैंची, म्हणजे ग्रंथाची खंडांत बांधलेली प्रत, मिळते आणि तिची पानं मूळ अंगांशी जुळतात. पण देवनागरी पाहिली की आपण शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व उकार-इकारही उच्चारायला लागतो. 'नामु' सहसा 'नाम' असाच वाचतात, 'मनि'चा 'मन' होतो. पहिल्या दिवशी जाणकाराच्या शेजारी बसून दहा अंग ऐका, कान लगेच तयार होतो.

संध्याकाळी रहरासच्या वेळी वाचन थांबवून सगळ्यांनी एकत्र बसायचं. ते झाल्यावर थोडं वाचन, मग सोहिला म्हणून सुखासन, म्हणजे ग्रंथ मिटून ठेवणं. स्मशानातलीच ती प्रार्थना रोज रात्री घरात होते, म्हणून मुलांनाही ती पाठ होऊन जाते. थांबताना अंग आणि ओळ चिठ्ठीवर लिहून ठेवा; "मला आठवतं" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. वेळ वाचवायला दोन सैंच्या दोघांनी एकाच वेळी वाचणंही नको, पाठ क्रमाने झाला पाहिजे.

घर लहान असेल, स्वतंत्र स्वच्छ खोली, चंदोवा, रुमाले, चौर यांची सोय होत नसेल, तर हट्ट न धरता गुरुद्वाऱ्यात पाठ ठेवा आणि पाळ्या तिथे लावा.

भोगाच्या दिवशी सलोक, मुंदावणी, मग आनंद साहिब, अरदास, हुकम, कडाह प्रसाद आणि लंगर. मुंदावणीनंतर रागमाला वाचायची की नाही यात जागोजागी फरक आहे, आणि मर्यादेने तो स्थानिक रीतीवर सोपवलाय. ग्रंथींना आदल्या दिवशी विचारून घ्या, संगतीसमोर वाद नको. पगडीची रीत करायची असेल तर अरदासनंतर. यानंतर बारावं, तेरावं, मासिक, श्राद्ध यांपैकी काहीच उरत नाही. शेजारीपाजारी तेराव्याची तारीख विचारतात, तेव्हा त्यांना भोगाचीच तारीख आधी सांगून ठेवा.