चार खुर्च्या टाकल्या आणि बुकिंग तरी परत जात होतं: २४० फुटांच्या पार्लरचा माझा लेआउट

कोपरखैरणेला माझं छोटं पार्लर आहे, भाड्याचा गाळा, तळमजला. नवीन पार्लर काढणाऱ्या मुली मला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतात, ताई एवढ्या जागेत किती खुर्च्या बसतील? मी पण सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन बसले होते आणि त्याच्यामुळेच पहिलं दीड वर्ष मार खाल्ला, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

आधी जागेचं सांगते. मालकाने ३२० फूट सांगितलेलं. मी टेप घेऊन भिंत ते भिंत मोजलं तर आत १० बाय २४, म्हणजे २४० फूट, त्यात एका बाजूला कॉलम नऊ इंच बाहेर आलेला. भाडं तुम्ही ३२० चं भरता पण खुर्ची २४० मध्येच बसते, त्यामुळे कागदावरचा आकडा विसरा आणि टोकन द्यायच्या आधी स्वतः मोजा. पाणी कुठून येतं आणि सांडपाण्याचा पाइप कुठे आहे ते पण तेव्हाच बघून घ्या, कारण बरेच गाळे दुकानासाठी बांधलेले असतात आणि आत नळच नसतो. माझ्याकडे मागच्या भिंतीला दोन्ही होतं, नशीब.

दहा फूट रुंदी म्हणजे आरसे एकाच भिंतीला लागणार हे पक्कं समजा. मला दोन्ही भिंतींना हवे होते, फोटोत भारी दिसतं ना. पण आरशाखालची फळी, कस्टमरचे गुडघे आणि खुर्चीची पाठ धरली तर भिंतीपासून साधारण साडेचार फूट जातात. दोन्हीकडून साडेचार म्हणजे नऊ झाले, मध्ये एक फूट उरला, त्यात दोन मुली पाठीला पाठ लावून कात्री कशी चालवणार? एकाच भिंतीला लावलं की साडेचार फूट खुर्ची, मागे दोन फूट उभं राहायला आणि मग तीन-सव्वातीन फूट ये-जा करायला, असं बरोब्बर बसतं.

मग मी काय केलं तर त्या एका भिंतीला चार खुर्च्या कोंबल्या. साडेतीन फुटाला एक, म्हणजे १४ फूट. पुढे साडेचार फुटात काउंटर आणि बाकडं, मागे उरलेल्या साडेपाच फुटात एक बेड आडवा, पडदा लावून, आणि कोपऱ्यात शाम्पूचं बेसिन. सुतारकाका म्हणाले पण होते, ताई कोपर लागतील एकमेकांना. आणि लागलेच, दोन मुली शेजारी शेजारी ब्लो ड्राय करायला लागल्या की एकीचा ब्रश दुसरीच्या कस्टमरच्या कानाला. म्हणून आम्ही आपोआप एक सोडून एक खुर्ची वापरायला लागलो आणि मधल्या खुर्च्यांवर कस्टमरच्या पर्सा! तरी मी महिनोन्‌महिने म्हणत होते की चार खुर्च्या आहेत माझ्या.

डोळे उघडले ते एका वहीमुळे. दिवसाला फोन येतात, आपण "आज नाही जमणार हो" म्हणून ठेवतो आणि विसरून जातो. मी दोन आठवडे प्रत्येक परत गेलेलं बुकिंग लिहायला लावलं, कशासाठी होतं, किती वाजता हवं होतं आणि का नाही देता आलं. दोन आठवड्यात ३१ परत गेलेली. त्यात २२ वॅक्सिंग आणि फेशियल, ६ कलर आणि हेअरकट फक्त ३. म्हणजे मी खुर्च्यांवर खुर्च्या मांडून बसलेय आणि लोक मागतायत बेड, जो एकच आहे.

मग एका रविवारचा हिशोब मांडला, तो तसाच्या तसा देते कारण तुम्हाला पण असाच मांडायचाय. सकाळी १० ते रात्री ८, म्हणजे ६०० मिनिटं. चार खुर्च्यांची २४०० मिनिटं. त्या दिवशी ११ हेअरकट झाले ४० मिनिटांचे म्हणजे ४४०, तीन कलर सव्वादोन तासाच्या आतबाहेर, १३० धरले तर ३९०, आणि २४ थ्रेडिंग दहा-दहा मिनिटांची, २४०. टोटल १०७०. अर्ध्या पण खुर्च्या वापरल्या नव्हत्या! आणि बेडची ६०० मिनिटं होती, त्यात ५ वॅक्स ५० मिनिटांचे आणि ४ फेशियल ७५ मिनिटांचे, म्हणजे ५५०. चादर बदलायला पण वेळ नव्हता, खरंच, एक कस्टमर उठत होती आणि दुसरी पडद्याबाहेर चप्पल काढून उभी.

इथे थांबून लगेच दुसरा बेड घेऊ नका, मी तीच घाई करणार होते. हात पण मोजा. आम्ही तिघी होतो, जेवणाचा अर्धा तास काढला तर १७१० मिनिटं. काम किती झालं तर खुर्चीचे १०७०, त्यातून कलर मुरायला ठेवतो ती चाळीस-चाळीस मिनिटं वजा कारण तेव्हा हात मोकळे असतात, म्हणजे ९५०, अधिक बेडचे ५५०, झाले १५००. उरलेल्या दोनशे मिनिटांत झाडणं, टॉवेल, बिल, फोन. म्हणजे दुसरा बेड टाकला असता तरी त्याच्याजवळ उभं राहायला कोणी नव्हतंच. म्हणून शनिवार-रविवारसाठी चौथी मुलगी आधी शोधली, वॅक्स आणि फेशियल येणारी, आणि ती मिळाल्यावरच सुताराला बोलावलं.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली, पैशाची. माझ्याकडे थ्रेडिंग ५० रुपये, दहा मिनिटं, म्हणजे खुर्चीचा तास भरगच्च गेला तरी ३००. हेअरकट ३५० ला ४० मिनिटं, तासाला सव्वापाचशे. वॅक्स ६०० आणि फेशियल ९००, दोन्ही तासाला सातशे वीसच्या घरात, मटेरियलचा खर्च धरला नाहीये, फेशियलला तो जास्त असतो. पण थ्रेडिंगसाठी महागडी हायड्रॉलिक खुर्ची अडवायची हे काही बरोबर नाही. आणि थ्रेडिंग बंद पण करता येत नाही कारण आमच्याकडे संध्याकाळी साडेसहानंतर ट्रान्सहार्बरच्या गाडीतून उतरून घरी जाणाऱ्या बायका येतात, पाच मिनिटात होईल का म्हणून विचारतात, आणि त्याच पुढे फेशियलला येतात. ती आत येऊन तीन खुर्च्या ओलांडून बसली की सगळ्यांची लय मोडते. तर तिला दारातच बसवायचं, साधी उंच पाठीची डोकं टेकवायची खुर्ची, काउंटरच्या बाजूला.

आता नवीन मांडणी. पुढचे साडेचार फूट काउंटर, बाकडं आणि थ्रेडिंगची खुर्ची. मग दोनच हेअर स्टेशन, साडेचार-साडेचार फुटाला, ऐसपैस. त्यानंतर तीन फुटात बेसिन. आणि मागचे साडेसात फूट उभे दोन भाग करून दोन केबिन, प्रत्येकी पावणेपाच फूट रुंद. सहा फुटाचा बेड उभा टाकला की डोक्यामागे दीड फूट राहतो, फेशियलवाली तिथे स्टुलावर बसते. अडीच फूट रुंदीचा बेड एका भिंतीला लावला की दुसऱ्या बाजूला सव्वादोन फूट राहतात. दार सरकतं घ्या, उघडणारं दार एवढ्या जागेत बेडलाच आपटतं. प्लायचं पार्टिशन सात फुटापर्यंतच नेलं, वर मोकळं, नाहीतर एका एसीत मागे घामाघूम व्हायला होतं. आवाज जातो वरून, ड्रायर चालू असला की फेशियलवालीला शांत झोप लागत नाही, ते मान्य करून टाकलंय.

बेसिन मागच्या भिंतीपासून पुढे आणायचं म्हणजे फरशी फोडावी लागेल असा माझा समज होता. प्लंबर म्हणाला गरज नाही, बेसिनचा आउटलेट जमिनीपासून दीड फूट वर असतो, तिथून पाइप भिंतीलगत उतार देत मागे नेता येतो. तो केबिनमधून गेलाय, वर प्लायची पेटी केली आणि तिच्यावर टॉवेल ठेवतो. केस अडकवायची जाळी मात्र बेसिनखालीच, हाताला येईल अशी लावून घ्या. माझी पहिली जाळी पेटीच्या आत गेली होती आणि पाणी तुंबल्यावर शनिवारी संध्याकाळी पेटी खोलावी लागली, कस्टमर डोक्याला शाम्पू लावून बसलेली. आणि फरशी फोडा न फोडा, मालकाची लेखी परवानगी घ्या, सोडताना डिपॉझिटमधून कापतात.

लाइटचं एका ओळीत सांगते, स्टेशन ठरवायच्या आधी बिलावरचा मंजूर भार बघा. हेअर ड्रायर दोन किलोवॅटपर्यंत खातो, गिझर पण तेवढाच, वर एसी, आणि हे सगळं बरोब्बर एकाच वेळी चालतं. आमच्या चार खुर्च्यांच्या काळात एमसीबी पडायचा आणि मी वायरमनला शिव्या द्यायचे.

बदल केल्यावर रविवारी ८ वॅक्स, ६ फेशियल बसतात, म्हणजे बेडची १२०० पैकी ८५० मिनिटं, मध्ये दहा मिनिटं चादर आणि झाडणं धरूनच वेळ देतो. खुर्चीवर थ्रेडिंग नसल्यामुळे ८३० मिनिटं, तेवढेच हेअरकट तेवढेच कलर, फक्त दोन खुर्च्यांवर. खर्च बासष्ट हजार आला, दोन जुन्या खुर्च्या विकून थोडे निघाले.

अडचण उरलीये ती बेसिनची. दिवसभराचं बघितलं तर ते रिकामंच असतं, पण ५ ते ७ मध्ये दोन कलर एकाच वेळी धुवायला आले की तिसरी हेअर वॉशवाली ओल्या मानेने ताटकळते, आणि कलर जास्त वेळ राहिला तर शेड गडद जाते, मग तिचा वेगळा ओरडा. दुसरं बेसिन बसणार नाही, त्यामुळे बुकिंगच्या वहीत नियम केला, एक कलर चालू झाला की अर्धा तास दुसरा चालू करायचा नाही. कलर लावून झाला की कस्टमरला बाकड्यावर हलवायचं, खुर्ची मोकळी. काहींना आवडत नाही, डोक्याला फॉइल लावून दारासमोर बसायला लाज वाटते, म्हणून काचेला खालून पाच फुटापर्यंत फ्रॉस्टेड फिल्म लावली.

पेडिक्युअरची खुर्ची का नाही असं पण विचारतात. तिला नळ लागतो, ड्रेनेज लागतं आणि एक बाई तासभर बसून राहते. सध्या टबात पाणी भरून बाकड्यावरच करतो, तेही मंगळवार ते गुरुवार दुपारी. शनिवारी कोणी मागितलं तर सरळ नाही सांगते, आणि ते पण वहीत लिहिते.