दूध शीतकरणाच्या जागा ठरवण्यापूर्वीची तयारी : तापीच्या दोन्ही काठांवरील गावांसाठी

बल्क कूलर कुठे बसवायचा, हा प्रश्न दूध संघाच्या बैठकीत बहुधा जागेपासून सुरू होतो. कुणाची जमीन मोफत मिळते, वीज कुठे बरी आहे, रस्ता कुठला रुंद आहे. तयारीची सुरुवात मात्र मर्यादेपासून करावी, कारण प्रत्येक गावाचे दूध नासण्यापूर्वी कुठल्या ना कुठल्या कूलरपर्यंत पोहोचलेच पाहिजे आणि ही अट पाळून कमीत कमी कूलर किती लागतील, एवढेच आपल्याला विचारायचे आहे. १९७१ साली टोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन यांनी आपत्कालीन सेवांच्या ठाण्यांसाठी हाच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला आणि तेव्हापासून त्याला संच-आच्छादनाचा प्रश्न म्हटले जाते. पुढील आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण चोपडा आणि अमळनेर यांच्यामधून तापी जाते तसा पट्टा डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिल्यांदा मिनिटांचा हिशेब कागदावर उतरवावा. समजा संघाने ठरवले की पहिली धार काढल्यापासून दूध कूलरमध्ये पडेपर्यंत १२० मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. त्यांतली ६० मिनिटे दोहन, गावच्या संकलन केंद्रापर्यंत आणणे आणि मोजमाप यांत जातात, १० मिनिटे कॅन चढवण्यात आणि १० कूलरपाशी रांगेत. मोटार तुटली, चाक पंक्चर झाले अशा प्रसंगांसाठी आणखी १० राखून ठेवली, तर प्रवासाला ३० मिनिटे उरतात. ती राखीव वेळ सोडली तर ४०. आपण ४० धरू, पण ती राखीव वेळ सोडून धरली आहे हे टिपणात स्पष्ट लिहून ठेवावे. मर्यादा योग्य आहे की नाही हे मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पडताळावे: कूलरच्या दारात आलेल्या प्रत्येक कॅनमधले ५ मिलिलिटर दूध परीक्षानळीत घेऊन उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवावे आणि नळी तिरपी करून पाहावी. काचेला बारीक कण चिकटून राहिले, तर ते दूध उकळी सोसत नाही, आणि ज्या गावाचे असे दूध पुन्हा पुन्हा येते त्या गावासाठी आपली ४० मिनिटे कागदावरच खरी आहेत.

त्यानंतर वेळा मोजाव्यात, आणि त्या नकाशावर कंपासने वर्तुळ काढून मोजू नयेत. वर्तुळाला तापी दिसत नाही. पलीकडच्या काठावरचे गाव हाकेच्या अंतरावर वाटते, पण टेम्पोला पुलापर्यंत जाऊन परत उलटे यावे लागते. म्हणून दूध ज्या वेळी निघते त्याच वेळी, भरलेल्या कॅनसह, टेम्पो प्रत्यक्ष चालवून वेळ लिहावी. टेम्पो एका फेरीत तीन गावे घेत असेल तर पहिल्या गावाची वेळ ही त्याच्या कॅनने टेम्पोत काढलेली सगळी वेळ असते, थेट रस्त्याची नव्हे. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. मोजणीचा बिंदूही गावठाण नसावा, केंद्र असावे, आणि पाडे दूर असतील तर प्रत्येक पाड्याची स्वतंत्र ओळ धरावी.

आता तक्ता करावा. उत्तर काठावर क, ख, ग ही गावे, दक्षिण काठावर घ, च, छ. जागा तीन सुचल्या आहेत: पहिली उत्तरेला, तिच्यापासून क, ख, ग ४० मिनिटांच्या आत, दुसरी दक्षिणेला, तिच्या आत घ, च, छ, आणि तिसरी पुलाजवळ, तिच्या आत ख, ग, च, छ. जागा घेतली तर x ची किंमत १, नाही तर ०, आणि प्रत्येक गावासाठी एक अट:

```
min x1 + x2 + x3
x1      >= 1     (क)
x1 + x3 >= 1     (ख, ग)
x2      >= 1     (घ)
x2 + x3 >= 1     (च, छ)
x1, x2, x3 = 0 किंवा 1
```

बैठकीत पुलाजवळची जागा सर्वांना पटते, कारण ती मध्यावर आहे आणि एकटीच चार गावे घेते. सर्वांत जास्त गावे घेणारी जागा आधी, मग उरलेल्यांतली, असे करत गेलो तर ती पहिली निवडली जाते. पण क आणि घ तरीही उरतात, क साठी पहिली आणि घ साठी दुसरी जागा घ्यावी लागते, आणि कूलर होतात तीन, जिथे दोन पुरले असते. म्हणून निवडीला हात घालण्यापूर्वी तक्त्यात एकच जागा असलेले गाव शोधावे. क ला पहिलीशिवाय पर्याय नाही आणि घ ला दुसरीशिवाय नाही. या दोन जागा सक्तीच्या झाल्या की उरलेली चारही गावे आपोआप झाकली जातात आणि तिसरीची गरज उरत नाही. यादी मोठी असेल आणि संगणकाने उत्तर काढले असेल, तरी शेवटी एकेक जागा तात्पुरती वगळून सर्व गावे अजून झाकलेली आहेत का, हे हाताने पाहावे.

पावसाळ्याचा तक्ता वेगळा करावा. समजा दक्षिणेला ज नावाचे गाव ओढ्यापलीकडे आहे. फरशी पुलावरून दुसऱ्या जागेला ३५ मिनिटे, पण पाणी चढले की वळसा घालून ५२. उन्हाळ्यात ते झाकलेले आणि आषाढात उघडे. त्याची पावसाळी ओळ स्वतंत्र अट म्हणून घातली की त्याच्याजवळची चौथी जागा सक्तीची होते, म्हणजे एका गावासाठी एक कूलर. हे समितीला आधीच कळले, तर फरशी उंच करण्याचा खर्च आणि कूलरचा खर्च समोरासमोर ठेवता येतो. पावसात हवा थंड असते म्हणून ५२ चालतील असे म्हणायचे असेल, तर ते त्याच परीक्षानळीने जुलैमध्ये सिद्ध करावे.

झाकणे म्हणजे सामावणे नव्हे, हेही तपासावे. वरच्या अटींना लिटर माहीत नाहीत. क, ख, ग यांचे एका वेळचे दूध ६००, ५०० आणि ७०० लिटर, म्हणजे १८०० असेल, तर २००० लिटरचा कूलर पुरतो. थंडीतल्या पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर येते त्या दिवसांत, पाचवा हिस्सा वाढला की २१६० होतात आणि शेवटचे कॅन उन्हात थांबतात. आकार पुष्टकाळावर आणि मर्यादा उन्हाळ्यावर ठरवावी.

शेवटची तयारी पैशांची. पहिल्या वर्षी एकाच कूलरची सोय असेल, तर प्रश्न बदलतो: एका कूलरमध्ये जास्तीत जास्त किती दूध झाकले जाईल? हा प्रश्न चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ साली वेगळा मांडला. घ, च, छ यांचे ४००, ४५० आणि ५५० लिटर धरले, तर पहिली जागा १८०० लिटर घेते, दुसरी १४००, आणि पुलाजवळची २२००. त्या वर्षापुरती पुलाजवळचीच उत्तम ठरते. पण पुढच्या वर्षी सर्व गावे घ्यायची असतील, तर ती घेतल्यावरही आणखी दोन लागतील. म्हणून दुसरा कूलर नक्की येणार असेल तर पहिल्या वर्षी ४०० लिटर सोडून देऊन पहिली जागा घ्यावी, आणि तो ठरावात लेखी नसेल तर पुलाजवळची.