करिअरचे तीन पर्याय निवडताना या चुका टाळा

कागदावर तीन रकाने आखायचे: आवडतं, जमतं, हवं. मग त्यावरून करिअरचे तीन पर्याय काढायचे. काम अर्ध्या तासाचं, पण शेवटी हाती लागतं ते बहुतेकदा आधीच डोक्यात असलेलंच. बारावी सायन्सच्या एका मुलीचा कागद बघा. आवडतं: बायॉलॉजी. जमतं: मेहनती, हुशार. हवं: पगार, मान, समाधान. पर्याय: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस.

पहिली चूक म्हणजे आवडीत विषयाचं नाव लिहिणं. विषयावरून दिवसभर काय करावं लागेल ते कळत नाही. त्याऐवजी गेल्या महिन्यात कुणी न सांगता काय केलं, ते क्रियापदात लिहा. या मुलीने लिहिलं: चुलत भावाला पचनसंस्था समजावून सांगितली, आजीच्या गोळ्या वेळेप्रमाणे डबीत लावून ठेवल्या. ‘जमतं’मध्येही ‘मेहनती’ खोडून पुरावा हवा. भावाला युनिट टेस्टला तेच प्रश्न सुटले, गोळ्यांत घोळ झाला नाही. पुरावा आठवत नसेल, तर तुमचं काम पाहिलेल्या दोघांना विचारा. आईबाबांना शक्यतो नको, ते एकतर फार कौतुक करतात किंवा अजिबात नाही!

सगळ्यात जास्त घोळ ‘हवं’मध्ये होतो. पगार, मान, समाधान कुणाला नको असतं? त्यामुळे या रकान्याने काहीच गाळलं जात नाही. जोड्या लावून विचारा: जास्त पगार पण रात्रपाळी, की कमी पगार आणि रात्री घरी? चार वर्षं शिकून मोठी नोकरी, की दोन वर्षांत कमाई? तिची उत्तरं आली: रात्री घरी, आणि कमाई लवकर.

इथे काही जण प्रत्येक पर्यायाला दहापैकी गुण देऊन बेरीज करतात. बेरजेत नकार लपतो. बीएस्सी नर्सिंगला आवड आणि क्षमतेत भरपूर गुण मिळतील, पण वॉर्डातली रात्रपाळी आणि चार वर्षांचं शिक्षण तिला चालणार नाही. जे चालणारच नाही त्याला कमी गुण देऊ नका, तो पर्याय सरळ खोडा.

शेवटी तिन्ही पर्याय एकाच दारातले आहेत का, ते तपासा. तिच्या मूळ यादीतले तिन्ही कोर्स ‘नीट’ या एकाच प्रवेश परीक्षेवर अवलंबून होते, म्हणजे नाव तीन आणि पर्याय एकच. नवी यादी अशी झाली: दोन वर्षांचं डी.फार्म. करून मेडिकल दुकान, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, आणि बीएस्सी-बीएड करून बायॉलॉजीची शिक्षिका. तिसऱ्यात कमाई उशिरा आहे, पण लहान मुलांच्या शिकवण्या आतापासून घेता येतात, म्हणून तो खोडला नाही.

आता फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या मेडिकलमध्ये एक संध्याकाळ काउंटरमागे उभं राहायचं आणि लॅबमध्ये एक सकाळ काढायची. रक्त घेताना चक्कर येते की नाही, हे कागदावर कळत नाही.