बोअरलॉगमधला एन थेट डिझाइनमध्ये नको

मुंबईत भरावाखाली पाण्यात बुडालेली बारीक, गाळमिश्रित वाळू लागली, तर आधी एसपीटीचा, म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टचा एन दुरुस्त करा; एन म्हणजे नमुनानळी शेवटचे 30 सेंटीमीटर आत जायला लागलेले ठोके. समजा, 6 मीटरवर दर 15 सेंटीमीटरला 9, 11, 13 ठोके पडले. पहिले 9 बसवणीचे, ते सोडा, एन 24. तिथला इफेक्टिव्ह स्ट्रेस 72 केपीए असेल, तर आयएस 2131 या भारतीय मानकाप्रमाणे आधी ओव्हरबर्डन करेक्शन, म्हणजे वरच्या मातीच्या दाबासाठीची दुरुस्ती: गुणक सुमारे 1.11, म्हणजे 27. ठोक्याने अशी घट्ट वाळू फुगू पाहते, पोअर प्रेशर क्षणभर घटतं आणि आकडा फुगतो. म्हणून 15 च्या वरचा भाग निम्मा करा: 15 + 12/2 = 21. चिकणमातीला यातलं काहीच लावू नका.

बोअरमधलं पाणी भूजलपातळीखाली उतरलं असेल, तर तळाची वाळू उसळून सैल होते. तो कमी एन कुठल्याच करेक्शनने सुधारत नाही. चाचणी पुन्हा घ्यायला लावा.